भुशाच्या फळीला बाभळीची खुंटी

लग्नात आलेलं आमचं कपाट लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं होतं. त्याचं दार तिसऱ्यांदा निखळून माझ्या पायावर पडलं. दर वेळी नवरा बिजागरीत आणखी जाड स्क्रू पिळायचा आणि भोक आणखीच भुसभुशीत व्हायचं.

"फेकून देऊ," तो म्हणाला.

"कायले?" म्हणत मी पेरणीच्या मोडक्या तिफणीच्या बाभळीतून करंगळीएवढ्या खुंट्या तासल्या. भोकं ड्रिलनं मोठी केली, गोंद लावून खुंट्या ठोकल्या, दिवसभर सुकू दिल्या. मग त्यांत बारीक भोकं पाडून जुनेच स्क्रू हातानं बसवले. दार पक्कं लागलं.

तरी नवऱ्यानं आणखी एक पीळ द्यायला पेचकस उचललाच. मी तो हिसकावला.

"घट्ट बसलं की थांबा लागते. तेच तर तुमाले जमत नाई!"