पावणेचारचा मेल

वारंगा फाट्यावर उत्तमसिंग राठोडला कुणी वेळ विचारली, की तो हातातल्या घड्याळाकडे न बघता सांगायचा, आणि मग आपलं बरोबर आलं की नाही ते घड्याळात तपासायचा. हा त्याचा जुना खेळ होता. बहुतेक वेळा बरोबरच यायचं, त्यामुळे माणूस जरा चढूनच गेलेला होता.

एस.टी.डी.चं बूथ त्यानं त्र्याण्णव साली टाकलं. फाट्यावरचे ट्रकवाले, सौदीला गेलेल्यांच्या बायका, दुबईच्या पोरांचे बाप, सगळे त्याच्याकडे यायचे आणि सगळ्यांचा घोळ एकच: आपण फोन लावतो तेव्हा तिकडे किती वाजलेले असतात? उत्तमसिंगनं पत्र्याची पाटी रंगवून भिंतीला ठोकली. दुबई दीड तास मागे, सौदी अडीच तास मागे, लंडन साडेपाच तास मागे. लंडनला फोन लावणारं तेव्हा फाट्यावर कुणीही नव्हतं. पाटी भरलेली दिसावी म्हणून लिहिलं होतं, झालं.

अकरा वर्षांनी लंडनला जाणारा निघाला, आणि तो त्याच्याच तांड्यातला. मोहनसिंगचा कुलदीप. मोहनसिंग आणि उत्तमसिंग एकाच वर्षी शाळेत गेले आणि एकाच वर्षी शाळेतून पळाले. पण मोहनसिंगचं पोरगं नांदेडला डॉक्टर झालं, आणि दोन हजार चारच्या जूनमध्ये तिकडच्या डॉक्टरीची परीक्षा द्यायला लंडनला गेलं. पोचल्यावर पहिल्याच फोनमध्ये त्यानं सांगितलं, ‘काका, तुमची पाटी चुकली. इथं साडेचार तासांचाच फरक हाय.’ उत्तमसिंगला ते फार लागलं. त्याच दिवशी त्यानं रंगाचा डबा उघडून साडेपाचचं साडेचार केलं.

तोवर बूथमध्ये संगणक आला होता, इंटरनेटही. फोनच्या त्याच एका तारेवर दोन्ही चालायचं. इंटरनेट जोडलं की फोन बंद, फोन आला की इंटरनेट बंद. दर आठवड्याला मोहनसिंग बाकड्यावर बसून मजकूर सांगायचा आणि उत्तमसिंग एका बोटानं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचा. दर रविवारी तिकडच्या दहा वाजता, म्हणजे आपल्या अडीचला, कुलदीपचा फोन यायचा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे मोहनसिंग गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. कुलदीपची परीक्षा सोमवारी होती.

कुलदीपची याडी, म्हणजे आई, धुरपताबाई. तिनं रडणं आवरून सगळ्यांना बजावलं. ‘लेकराची परीक्षा होऊ द्या. मंग सांगा. पाच वर्साची मेहनत हाय त्याची.’ सांगायचं काम उत्तमसिंगच्या गळ्यात आलं, कारण लंडनची वेळ त्यालाच कळत होती.

रविवारी फोन आला. बा शेतात गेलाय, असं उत्तमसिंगनं सांगून टाकलं. कुलदीप म्हणाला, तोंडी परीक्षा अकराला सुरू, एकला संपणार. साडेदहापर्यंत मी तिथल्याच नेटच्या दुकानात बसणार, बाचा मेल आला की वाचूनच आत जाणार. आणि बाहेर आल्यावर पुन्हा एकदा मेल बघून तीनच्या बसनं दुसऱ्या गावाला निघेन, तिकडे पंधरा दिवस नेटचा भरवसा नाही. संध्याकाळी त्यानं मोहनसिंगच्या नावानं चार ओळींचा मेल लिहिला. नीट जेवून जा, घाबरू नको, मी इथं मजेत आहे. पाठवला, आणि पाठवल्यावर बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

आता खरा मेल. तो कुलदीप आत गेल्यावर पोचला पाहिजे आणि तो बाहेर यायच्या आधी तिथं असला पाहिजे. उत्तमसिंगनं पाटीकडे पाहिलं. अकरा अधिक साडेचार, म्हणजे आपले साडेतीन. पण सोमवारी चार वाजता लोडशेडिंग, ते थेट आठपर्यंत. म्हणजे साडेतीन ते चार, एवढीच फट. आणि नेमका त्या वेळी तो तांड्यावर मोहनसिंगच्या तिसऱ्या दिवसाला असणार होता. त्याला टाळता येत नव्हतं. बायको मिराबाई फोन सांभाळायची, संगणकाला मात्र ती हातही लावत नसे.

मेलच्या प्रोग्राममध्ये एक सोय होती: अमुक वेळेआधी पाठवू नये. सोमवारी सकाळी त्यानं मजकूर लिहिला, तुझा बा शनिवारी पहाटे गेला, आणि वेळ घातली पावणेचार. मेल बाहेर जायच्या खणात जाऊन बसला. संगणकाला लंडन माहीत नव्हतं. तो स्वतःच्या घड्याळावर पावणेचार वाजायची वाट बघणार, आणि संगणक चालू असला, प्रोग्राम उघडा असला, लाइन जोडलेली असली, तरच मेल सोडणार. म्हणून उत्तमसिंगनं लाइन जोडूनच ठेवली, बाहेर ‘फोन बंद’ची चिठ्ठी लावली आणि मिराबाईला दारात बसवलं. चार वाजेपर्यंत आत कुणालाच येऊ द्यायचं नाही, तारेला हात लावू द्यायचा नाही. बंदोबस्त एकदम पक्का झाला.

तांड्यावर विधी आटोपला तेव्हा पावणेतीन होत होते. धुरपताबाई त्याला बाजूला घेऊन गेली. तिला एकच काळजी लागली होती, पोराला संशय तर आला नाही ना?

‘काल त्याचा फोन तासभर उशिरा काहून आला? कधीच उशीर करत न्हाई तो.’

उशीर नव्हता, असं उत्तमसिंग सहज सांगून गेला. त्यानंही कुलदीपला आज उशीर का म्हणून विचारलं होतं, तर तो हसला होता. म्हणाला, काका, माझ्या घड्याळात दहाच वाजलेत, इथं काल रात्री सगळ्यांनी घड्याळ एक तास मागं घेतलं, हिवाळ्यात घेतात.

बोलता बोलताच तो थांबला. काल हे ऐकताना त्याचं सगळं लक्ष खोटं बोलण्यात होतं. शब्द कानावरून गेले आणि तिथंच राहिले. आता ते आत उतरले. फोन साडेतीनला आला होता आणि तिकडे दहा वाजले होते. म्हणजे फरक साडेपाचचा. म्हणजे पावणेचारला लंडनमध्ये सव्वाअकरा नाही, सव्वादहा. पोरगं नेटच्या दुकानात बसलेलं असणार, बापाचा मेल उघडून.

धुरपताबाईला त्यानं तिथंच सोडलं. चपला पायात अडकवल्या न अडकवल्या आणि रस्त्याकडे पळत सुटला.

फाट्यावर सवाऱ्या नेणारी पेमाची जीप उभी होती, पण जीप भरल्याशिवाय पेमा हलत नसतो हे जगजाहीर. उत्तमसिंगनं हात जोडले. पेमानं त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि तिघांवरच गाडी काढली. खडीच्या रस्त्यावर जीप हादरत होती आणि उत्तमसिंग मिनिटाला घड्याळ बघत होता. आज न बघता वेळ सांगायची त्याची हिंमत नव्हती.

वाटेतल्या आखाडा बाळापूरला सव्वातीन. तो उडी मारून एका बूथमध्ये शिरला आणि आपल्याच दुकानाचा नंबर फिरवला. मिराबाईला एवढंच सांगायचं होतं, तार उपटून टाक. फोनमधून टूं टूं टूं आलं. लाइन व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आणि असणारच, त्यानंच तर इंटरनेट जोडून ठेवलं होतं. शेजारच्या टायरवाल्याकडे फोन होता, पण त्याचा नंबर उत्तमसिंगला ठाऊक नव्हता. भिंतीपलीकडच्या माणसाला कोण कशाला फोन करतं? अख्ख्या तालुक्याला तिकडच्या वेळा सांगणारा माणूस दुसऱ्याच्या बूथमध्ये रिसीव्हर धरून घामाघूम उभा होता, आणि त्याला स्वतःचा इतका राग आला की त्यानं कपाळ काचेवर आपटलं.

फाटा आला तेव्हा तीन एकोणपन्नास झाले होते. मिराबाई दारात तशीच बसून होती. कुणालाच आत सोडलं न्हाई, तिनं अभिमानानं सांगितलं, तलाठ्यालासुद्धा परत धाडलं. उत्तमसिंग तिच्यावरून उडी मारूनच आत गेला. बाहेर जायचा खण रिकामा होता. पाठवलेल्या मेलच्या यादीत सगळ्यात वर तो होता, दुपारी तीन पंचेचाळीस. गेलेला मेल परत बोलावता येत नाही. चार वाजता वीज गेली आणि पडदा काळा झाला.

पुढचे पावणेतीन तास तो बाकड्यावर बसून राहिला. मिराबाईनं चहा दिला, तो निवला. पोरगं परीक्षेला गेलं नसेल. रस्त्यात कुठं बसलं असेल. परक्या मुलुखात, आजूबाजूला आपलं माणूस नाही. पाच वर्षांची मेहनत आपण एका तासानं घालवली, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं. धुरपताबाईला काय तोंड दाखवायचं हेही.

पावणेसातला अंधारात फोन वाजला.

‘काका, कुलदीप बोलून राहिलो.’

उत्तमसिंगला जे सुचलं ते त्यानं सांगून टाकलं. एका तासाची चूक झाली, घड्याळ मागं गेलेलं ध्यानात आलं नाही, तुला परीक्षेनंतरच कळायला हवं होतं, माझ्यामुळे वाटोळं झालं.

‘परीक्षा दिली मी,’ कुलदीप म्हणाला. ‘काय बोललो ठाऊक न्हाई. नापास झालो तर परत देता येते. एका तासाचं जाऊ द्या काका. मला दुसरंच विचारायचं हाय.’

‘विचार.’

‘बा शनिवारी गेला म्हणून लिवलं तुमी. मंग रविवारी संध्याकाळी बाचा मेल कसा आला? तारीख हाय त्याच्यावर. मी तो सकाळी चार वेळा वाचला. पाचव्यांदा वाचून राहिलो होतो, तवा त्याच्या वर तुमचा आला.’

मिराबाई चिमणी घेऊन दारात उभी राहिली. उत्तमसिंगनं तिला हातानंच थांबवलं.

‘तो म्या लिवला बाळा,’ तो म्हणाला. ‘बा नव्हता तवा.’

‘मला वाटलंच,’ कुलदीप म्हणाला, आणि मग तो रडला. उत्तमसिंगनं त्याला रडू दिलं. तीन मिनिटं झाली की काचेवर टकटक करायची त्याची अकरा वर्षांची सवय होती, पण आज त्यानं घड्याळाकडे पाहिलंही नाही.

‘आता खरं सांगा,’ कुलदीप शेवटी म्हणाला. ‘माझ्यासाठी बा काय बोलून गेला?’

काहीतरी चांगलं जिभेवर आलंच होतं. उत्तमसिंगनं ते गिळलं.

‘काहीच न्हाई बोलला,’ तो म्हणाला. ‘पाणी मागितलं. याडीनं तांब्या आणला तवर गेला.’ आणि मग शनिवारच्या पहाटेपासून आज दुपारपर्यंतचं सगळं, काही न वगळता, त्यानं त्या पोराला सांगायला सुरुवात केली.