तीनशेच्या आत

रतन कांबळे गेला त्यानंतरचं पहिलं लाईटबिल द्रौपदीच्या दाराच्या कडीत खोचलेलं होतं. मुलुंडच्या टेकडीवरच्या त्या खोलीत अठ्ठावीस वर्षं काढली, पण बिल म्हणजे नवऱ्याचं खातं. तिनं कधी उलटून पाहिलं नव्हतं. आकडा बघून तिचं टाळकंच फिरलं. तो गेल्यापासून ती पंखासुद्धा लावत नव्हती. संध्याकाळी एक दिवा, तोही भाकरी होईपर्यंत.

तिनं फोटो काढून मालाडच्या भाचीला पाठवला. शीतल एका कारखान्यात हिशेब लिहायची. तिचा फोन आला.

"आत्या, नुसतं नाव आन् रक्कम पाठवलीस. खालचं सगळं कापलंय. सरळ धर ना जरा."

"सरळच व्हतं गं. माझा हात वाकडा."

दुसऱ्या फोटोत निम्म्या कागदावर द्रौपदीच्या डोक्याची सावली. तिसरा जमला.

"सहा युनिट," शीतल म्हणाली. "बरोबर आहे बिल."

"कशाचं बरोबर? अंधारात बसते मी. घुबडावानी."

"ऐक. पहिली ओळ, स्थिर आकार. तू दिवा लाव नाहीतर नको लावू, मीटर भिंतीवर आहे तोवर तो द्यायचाच. रिक्षात बसलं की जवळ गेलं तरी पहिलं भाडं पडतंच ना? तसं."

"बरं. पुढं?"

"वीज आकार म्हणजे जाळलेल्या युनिटचे. वहन आकार म्हणजे ती वीज तारेवरनं तुझ्या दारात आणायची हमाली. इंधन समायोजन म्हणजे वीज बनवायचा खर्च वाढला की वर लावतात, तो दर महिन्याला बदलतो. आन् या सगळ्यावर सरकारचं वीज शुल्क, शंभराला सोळा."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खात्यात मेले," द्रौपदी म्हणाली. पण एकेका ओळीवर बोट ठेवून तिनं ते डोक्यात घातलं. बाई अडाणी नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली, आणि चार घरचा स्वयंपाक करताना कुणाला पैचा गोंधळ घालू दिला नव्हता.

"आत्या, हे खाली उभ्या पट्ट्या आहेत ना, त्या मागच्या महिन्यांच्या. केवढ्या उंच गं! आन् सगळ्या सारख्याच. तीनशेला टेकल्यात, पण एकही वर गेली नाही. असं कसं?"

"मशीन व्हतं ना ऑक्सिजनचं."

फुप्फुसं गेलेल्या रतनला डॉक्टरांनी बजावलं होतं, रात्रंदिवस नाकाला नळी पाहिजे. रतन मात्र रोज सकाळी दाराला धरून धरून मीटरपाशी जायचा, आकडा वाचायचा, आणि दुपारी जेवण झालं की म्हणायचा, "द्रौपदे, कर बंद." चहाच्या वेळेपर्यंत मशीन गप. तो भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत बसायचा. ओठ जांभळे पडायचे. ती बटणाकडे हात नेई, तर हातानंच 'थांब' म्हणायचा.

"तीनशेच्या वर गेलं की सगळं बिल महाग पडतं म्हनायचे," द्रौपदी म्हणाली. "पहिल्या युनिटापासनं."

शीतलनं मधेच विचारलं.

"मामांना कुणी सांगितलं असं?"

"समदेच म्हनत्यात. का गं?"

"काही नाही. जाऊ दे."

"शीतल. बिल मला भरायचंय हितनं पुढं. नीट सांग."

"घागरी धर, आत्या. पहिली शंभराची, स्वस्त. ती भरली की दुसरी, तीनशेपर्यंतची, तिचा दर जास्त. मग तिसरी. तिसरीत पाणी पडलं म्हणून पहिल्या दोन महाग होत नाहीत. तीनशेच्या वर जेवढे जातील, तेवढ्यांनाच वरचा दर."

"म्हंजी तीनशेचाळीस झाले तर?"

"चाळिसालाच."

द्रौपदीनं कागद पुन्हा पाहिला. त्या पट्ट्या शाळेतल्या पोरांसारख्या शिस्तीत उभ्या होत्या.

"त्या चाळिसाचे किती झाले असते?"

"कशाला आता, आत्या?"

"सांग म्हनते ना."

"सात-आठशे. महिन्याचे."

मशीनचं भाडं त्याच्या कितीतरी पट होतं, आणि तेही ती वेळच्या वेळी भरत होती. आणखी एक घर धरलं असतं. दुपारच्या पोळ्या, दुसरं काय.

"मामा त्यानं नाही गेले गं," शीतल घाईनं म्हणाली. "फुप्फुसंच संपली होती."

"ठावं हाय मला. जायचेच व्हते." तिनं पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "पर दुपार सुखाची गेली असती. बटण मीच बंद करायची, शीतल. ह्या हातानं."

मालाडकडून नुसता हुंदका ऐकू आला. "तू नको रडू," द्रौपदी म्हणाली. "कचेरीत हसतील. शेवटची तारीख कुठं लिवलीय तेवढं सांग."

तारीख तिनं नीट ऐकली. बिलावरचं रतनचं नाव बदलायचं शीतलनं काढलं, तर म्हणाली, बदलू सवडीनं.

फोन ठेवला तेव्हा दुपारची जेवणं आटपून वस्ती निवली होती. रतनचं मशीन बंद करायची वेळ. द्रौपदी उठली, मशीन जोडलेलं असायचं त्या बोर्डापाशी गेली. दिव्याचं बटण दाराशी वेगळं होतं; मशीनवाल्यानं मशीन नेलं तेव्हापासून तिथलं एकही बटण तिनं दाबलं नव्हतं. तिनं पंखा लावला. धूळ खाली झडली. ती रतन बसायचा तिथंच भिंतीला टेकून बसली आणि चहाची वेळ होईपर्यंत पंखा चालू ठेवला.