आबांचं वाक्य

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी.कॉम., शिरूरच्या कॉलेजातून, सेकंड क्लास. हे मी आजही मान ताठ ठेवून सांगतो, कारण माझा बाप मेंढरांमागं कोकणात जायचा आणि त्याला सहीसुद्धा येत नव्हती. नव्वद सालानंतर गावच्या दूध संस्थेत सचिवाची जागा निघाली तेव्हा चेअरमननी विचारलं, "प्रोसिडिंग नीट लिहिता येईल ना?" मी म्हणालो, "येईल."

तसं येत नव्हतं. सभेचं इतिवृत्त लिहायला शिकलो ते भीमेपल्याड, दौंडला, सचिवांच्या प्रशिक्षणात. शिकवणारे साहेब रिटायर झालेले होते. चष्मा कपाळावर चढवून ते एकच गोष्ट फिरूनफिरून सांगायचे. "सभेत कोण काय बोललं ते लिहायचं नाही. कशावर चर्चा झाली आणि काय ठरलं, तेवढंच लिहायचं. 'झाली', 'ठरले', 'मांडण्यात आली'. माणसाचं बोलणं अवतरणचिन्हात घातलंत की उद्या तेच तुमच्या अंगावर येतं. सभेतला राग घरी जाऊन निवतो. कागदावरचा निवत नाही."

मी ते पाळलं. सभेत शिव्या झाल्या तरी माझ्या वहीत 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच यायचं. संचालक हसायचे. "सचिवाच्या वहीत आपण सगळी संतमंडळी!"

संस्थेत फॅट काढायला एक तरुण होता. पहाटे डेअरी उघडायची, प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचा, लॅक्टोमीटरवर डिग्री बघायची, मशीनवर फॅट लावायची; दुधाचा भाव त्यावरच ठरायचा. त्याचे वडील, आबा, आमच्याच समाजातले. त्यांनी मेंढरं विकून विहीर पाडली होती, पुढं निवडून येऊन संचालक झाले होते. पोरगा त्याच्या आधीपासून कामाला होता. आबांच्या घरात महिन्याला पगार आणणारा तो पहिला माणूस.

एका मासिक सभेत बागायतदार आप्पांनी विषय काढला. ते गावातले मोठे शेतकरी, संचालक, गोठ्यात म्हशीच म्हशी.

"माझ्या म्हशींची फॅट या महिन्यात कशी काय उतरली? पेंड तीच, म्हशी त्याच. मशीन न्हाई बिघडलं, हात बिघडलाय."

आबा म्हणाले, "हात म्हंजी? माझ्या पोराचा?"

"मग काय माझ्या? चोराच्या बापाला एवढं कळंना व्हय?"

आबा उठून उभे राहिले. "न्हाई पायजे तुमची नोकरी! काढा माझ्या पोराला. आजच काढा!"

दोघांनी धरून त्यांना खाली बसवलं. चहा आला. अर्ध्या तासानं चेअरमननी मिटवलं: चौकशीला समिती नेमू, तिनं पुढच्या सभेपर्यंत अहवाल द्यावा. आबाही हो म्हणाले.

घरी येऊन मी लिहिलं, 'म्हशीच्या दुधाच्या फॅट तपासणीबाबत एका संचालकांनी तक्रार मांडली. त्यावर चर्चा झाली. चौकशीसाठी समिती नेमण्याचे व समितीने पुढील सभेत अहवाल सादर करण्याचे सर्वानुमते ठरले.' मला वाटलं, छान लिहिलंय. चोर नाही, चोराचा बाप नाही, काढा नाही. जे ठरलं तेवढंच राहिलं.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचलं. आबा म्हणाले, "आन् मला काय म्हनलं ते कुठं हाय?"

मी म्हणालो, "आबा, ते लिहायचं नसतं."

"का नसतं? भर सभेत मला चोराचा बाप म्हनलं. ते लिवल्याबिगर मी कायम करू देनार न्हाई. उद्या ह्योच म्हनंल, म्या म्हनलोच न्हाई."

"आबा, माझं ऐका. ते लिहिलं तर तुमचंच—"

"तू शिकला, म्हून आमचं बोलनं खाऊन टाकतो व्हय? आपला मानूस असून?"

ते मला लागलं. तरी चेअरमनना म्हणालो, दादा, असं वाक्य घातलं तर समितीचा विषय बाजूला राहील. चेअरमन आप्पांकडे बघत होते. आप्पा मात्र शांत होते. पान लावत म्हणाले, "लिवा की. माझी काय हरकत न्हाई. पण लिवायचं तर दोघांचं लिवा. आबा काय बोलले ते बी जसंच्या तसं. व्हय ना आबा?"

"लिवा!" आबा म्हणाले. "मी काय भेतो?"

दुरुस्ती मंजूर झाली. सूचक आबा, अनुमोदक आप्पा. मी दोन्ही वाक्यं माझ्याच हातानं लिहिली आणि आबांनी सगळ्यांच्या आधी सही केली. ते निवडून आल्यावर सही शिकले होते. अक्षर मोठं होतं, ओळीच्या बाहेर जायचं.

महिनाभरात समिती बसलीच नव्हती. त्या सभेत अहवालाचं विचारलं तर सगळे म्हणाले, "आधी प्रोसिडिंगचं मिटू द्या," आणि दुरुस्तीनंतरही ती बसली नाही. खरं तर काम सोपं होतं: आप्पांच्या कॅनमधलं दूध आप्पा-आबा दोघांसमोर एका बाटलीत भरायचं, सील करायचं, टँकरबरोबर शीतकरण केंद्रावर पाठवायचं. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं असतं. मी हे दोनदा बोललो. कुणालाच त्या दुधाचं काही पडलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या सभेत अजेंड्यावर विषय आला, तपासणी कर्मचाऱ्यास कमी करणे. आबा म्हणाले, "चौकशी कुठं झाली?" आप्पांनी वही मागितली, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं: "'न्हाई पायजे तुमची नोकरी. काढा माझ्या पोराला. आजच काढा.' तुमचीच दुरुस्ती हाय, आबा. खाली सही हाय. आता चौकशी कशाची करायची?"

"ते रागात बोललो व्हतो."

"राग लिवलाय कुठं हितं?"

बाकीचे खाली बघत होते. ठराव बहुमतानं मंजूर झाला. मी लिहिलं, 'कर्मचाऱ्यास कमी करण्याचे ठरले.' माझ्या शिकवणीप्रमाणं नीट, स्वच्छ. विरोधात एक मत, तेवढं नोंदवलं.

आबांना घेऊन मी सहकार खात्याच्या साहेबांकडं गेलो. साहेबांनी वही चाळली, त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे तुम्हीच घालायला लावलंत?" मग वही मिटली. नोकरीचा विषय आपल्याकडं येत नाही, पुण्याला कामगार कोर्टात जा म्हणाले. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "कोर्टात बी हेच वाचत्याल." आम्ही गेलो नाही.

पोरगा शिक्रापूरला गेला, कारखान्याच्या ठेकेदाराकडं. पत्र्याच्या खोलीत बिहारच्या पोरांबरोबर राहायचा. काम असलं तर असायचं. गावात आला तरी डेअरीच्या रस्त्यानं जायचा नाही. त्याच्या जागी आप्पांचा भाचा आला. आप्पांची फॅट पुन्हा चढली. ती खरी होती की खोटी, हे मला आजही माहीत नाही, आणि आधीची उतरलेली खरी की खोटी, तेही नाही.

आबा पुढच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. एकदा दूध घालून माझ्या टेबलाशी आले, किटली खाली ठेवली.

"वहीतली माझी ती वळ खोडता न्हाई का येत?"

"कायम झालीय, आबा. आता नाही येत."

"आन् तू आदी लिवलं व्हतं, ते?"

"तेही आहे. मागच्या पानावर."

"दाव."

मी पान काढून दिलं. त्यांना माझं अक्षर वाचता येत नव्हतं. तरी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वाच बरं." मी वाचलं, 'चर्चा झाली. चौकशीसाठी समिती नेमण्याचे सर्वानुमते ठरले.'

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी किटली उचलली. मागं रांग लागली होती, कुणीतरी ओरडलं, आबा, सरका की. ते सरकले.