गढूळबाई आणि डब्याचं झाकण

आमची ही कॉलेजात पर्यावरण शिकवते. मुलं तिला पाठीमागे गढूळबाई म्हणतात, हे तिनेच मला कौतुकाने सांगितलं. घरात आमच्या लग्नापेक्षा गावातल्या तळ्याचेच फोटो जास्त आहेत. तक्रार करून मी थकलो. उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती आणि त्याआधी तिला एकदा त्या तळ्याचा तळ पाहायचा होता. तळं जेमतेम पुरुषभर खोल, पण हिरव्यागार पाण्यात बुडवलेला हातसुद्धा दिसायचा नाही.

शेवाळाला खत पुरवणारं सांडपाणी कधीच थांबवलं होतं, तरी तळं ढिम्म. हिच्या मते तळ उकरणारे मासे जाळ्याने काढायला हवे होते. नगरपालिका तयार होती, फक्त गळाने मासे धरणाऱ्यांच्या मंडळाची संमती हवी होती. मंडळाचा अध्यक्ष माझा धाकटा भाऊ. झालं!

"वहिनी, माझ्या माशांना हात लावलात तर तुमच्याकडे जेवायला येणार नाही," त्याने जाहीर केलं. तो रोज येतो. ही धमकी की आमिष, ते हिला कळेना.

एकदा हिने वर्ग तळ्याच्या धक्क्यावर नेला. भाऊ शेजारीच गळ टाकून, कान टवकारून बसला होता.

"मॅडम," एका मुलीने विचारलं, "पाणी नितळ होतं तेव्हाइतकंच खत आता उरलंय. मग पाणी तसंच का नाही?"

हिने भावाच्या गांडुळांच्या डब्याचं फुगीर झाकण उचललं आणि बोटाने हळूहळू दाबलं. बराच वेळ काही नाही, मग एकदम टक्! मधला फुगवटा आत गेला.

"आता बोट काढते. आला वर? नाही. तळ्याचंही तसंच. नितळ पाण्यात झाडं गाळ धरून ठेवतात, शेवाळ खाणाऱ्या इवल्याशा जिवांना, पाणपिसवांना, लपायला जागा देतात, म्हणून पाणी नितळच राहतं. खत वाढत वाढत एका हद्दीपलीकडे गेलं की टक्! मग शेवाळ उजेड अडवतं, मासे गाळ ढवळतात, झाडं उगवतच नाहीत. आता खत जुन्या हद्दीखाली आणून भागत नाही, त्याहून खूप खाली न्यावं लागतं. नाहीतर खालून असा धक्का..."

धक्का जोरात बसला. झाकण उडालं आणि हिरव्या पाण्यात दिसेनासं झालं.

"वहिनी!" भाऊ ओरडला. मुलं खो-खो हसली.

रात्री तो आलाच. जेवता जेवता म्हणाला, "म्हणजे खालून धक्का द्यायचा तर माझे मासे काढायचे. किती?"

"चारातले तीन."

त्याचा घास हातातच राहिला. मला त्याची खरंच दया आली.

"बाकीच्या एकाला त्रास द्यायचा नाही," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

थंडीत जाळी लागली, मासे दुसऱ्या तलावात गेले. पुढे हिला रात्ररात्र झोप लागेना. पाणी निवळलं नाही तर भाऊजींना काय तोंड दाखवू, म्हणायची.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात भावाचा फोन आला, "वहिनी, धक्क्यावर या. आत्ता." आम्ही धावलो. तो पालथा पडून पाण्यात बघत होता. ही साडीचा विचार न करता शेजारी पालथी पडली. खाली कोवळी झाडं डुलत होती आणि त्यांच्यामधे, तळाच्या गाळावर, गंजलेलं झाकण स्वच्छ दिसत होतं.

ही रडायला लागली. भावाने खिशातून रुमाल काढून दिला आणि म्हणाला, "फुगवटा वर आलाय बघा."