उचल नावाचा रकाना

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आईवडील दोघंही ऊसतोडीला जायचे आणि मी तिसगावात मामाकडे राहून शिकले. नगरला येऊन बी.कॉम. केलं. हे मी आजही न विचारता सांगते, आणि कुणाला त्यात बढाई वाटली तर वाटू द्यावी.

पदवीनंतर मला नगरमध्येच, कोर्टाजवळच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये काम लागलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दाव्यांचे अर्ज टाइप करणं, प्रिंट काढून देणं, असं काम असे. मालकांना आम्ही सर म्हणायचो. सरांनी तेव्हा नवा स्कॅनर आणला होता आणि येईल त्याला ते सांगायचे, "आता टाइप करायची गरजच नाही. कागद ठेवा, अक्षरं आपोआप उतरतात."

एके दिवशी शेजारच्या वकिलांनी एका माणसाला आमच्याकडे पाठवलं. मूळचे काष्टीचे, नगरच्या एमआयडीसीतल्या एका ओतकाम कारखान्यात बावीस वर्षं भट्टीवर काम केलेले. नुकतेच निवृत्त झाले होते. कंपनीनं ग्रॅच्युइटीचा हिशोब हातात दिला तो त्यांना कमी वाटत होता. कमी का, हे त्यांना सांगता येत नव्हतं. वकिलांनी त्यांच्याकडून शेवटच्या चोवीस महिन्यांच्या पगारपावत्या मागवल्या होत्या आणि मला चिठ्ठी पाठवली होती : एकेक महिना एकेका ओळीत, प्रत्येक मिळकत आणि प्रत्येक कपात वेगळ्या रकान्यात, खाली बेरीज. सोमवारी अर्ज दाखल करायचा होता.

त्या काकांनी पावत्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणल्या होत्या. त्या ते ठेवून जायला तयार होईनात.

"ऱ्हाऊ द्या की काका, उद्या न्या," मी म्हटलं.

"न्हाई ताई. ह्या गेल्या तर माझी बावीस वर्षं गेली. फोटू काढ आन् मला परत दे."

म्हणून त्यांच्यासमोरच एकेक पावती स्कॅन केली आणि त्या परत त्यांच्या पिशवीत गेल्या. माझ्याकडे राहिली फक्त पडद्यावरची चित्रं.

अक्षरं आपोआप उतरण्याचं म्हणाल तर उतरली, पण कशी! पावत्या कार्बनखालच्या होत्या, तेलकट बोटांचे ठसे उमटलेल्या, घडीवर फाटलेल्या. यंत्रानं शून्याचा इंग्रजी ओ केला, पाचाचा एस केला, आणि डाव्या बाजूच्या मिळकती व उजव्या बाजूच्या कपाती एकाच ओळीत एकापुढे एक ओतून दिल्या. कोणता आकडा कशाचा, काही कळायला मार्ग नाही. सर म्हणाले, "सेटिंग बघावं लागेल." मी ते सगळं पुसलं आणि चित्र मोठं करून, बघून बघून, हातानं एक्सेलमध्ये भरायला बसले.

मूळ पगार, डी.ए. म्हणजे महागाई भत्ता, घरभाडं, जाण्यायेण्याचा भत्ता, कपडे धुण्याचा भत्ता. उजवीकडे पी.एफ., प्रोफेशन टॅक्स, सोसायटी. इथवर ठीक होतं. एल.डब्ल्यू.एफ. नावाची किरकोळ कपात फक्त जून आणि डिसेंबरमध्येच दिसायची. बाकी दहा महिने मला दिसत नाही की तिथे ती नाहीच, म्हणून मी प्रत्येक चित्र पुन्हा उघडून पाहिलं. शेवटी सरांनीच सांगितलं की ती कामगार कल्याण निधीची, वर्षातून दोनदाच कापतात.

खरा घोळ झाला तो डी.ए.च्या खालच्या ओळीत. तिथे नुसतं 'एडी' छापलेलं होतं. पुढे सातशे तीस रुपये, दर महिन्याला.

एडी म्हणजे काय असावं, यावर मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. मला वाचताक्षणीच कळलं, म्हणजे तसं वाटलं. अ‍ॅडव्हान्स. उचल! आमच्या घरात वर्षाची सुरुवात उचलीनंच व्हायची. मुकादम हंगामाचे आगाऊ पैसे घेऊन दारात यायचा, वडील अंगठा द्यायचे आणि दोघं गाव सोडायचे. मी रकान्याच्या डोक्यावर लिहिलं : उचल.

मग डोकं फिरायला लागलं. उचल घेतली तर ती कुठेतरी कापली पाहिजे. कपातीच्या बाजूला तिची वसुलीच नाही. सोसायटीचे चारशे कापलेले आहेत, पण सातशे तीस आणि चारशे यांचा मेळ बसेना. दोन वर्षं एखादा माणूस दर महिन्याला उचल घेतोय आणि परत करतच नाही? असली कंपनी कुठे असते, मलाही सांगा, असं मनात आलं. तरी बेरीज मात्र बरोबर येत होती. एडी धरून मिळकतीची बेरीज पावतीवरच्या बेरजेला पैशापर्यंत जुळायची. जुळतंय म्हणजे बरोबर आहे, असं मला कॉलेजात शिकवलं होतं.

एक महिना मात्र जुळेना. त्या महिन्यात मूळ पगार कमी, डी.ए. कमी, आणि एडीच्या जागी सहाशे अठरा असं काहीतरी पुसट दिसत होतं. पगार कमी म्हणजे रजा पडली असेल. पण उचल कशाला कमी होईल? चित्रच खराब आलंय, असं धरून मी तिथे सातशे तीस लिहिलं. बेरीज एकशे बारांनी चुकली. परत सहाशे अठरा केलं, बेरीज जुळली. म्हणून तसंच ठेवलं आणि प्रिंट काढली. का जुळली ते मला कळलं नव्हतं. पण सोमवार जवळ आला होता.

शनिवारी दुपारी वकील स्वतः तक्ता हातात घेऊन आमच्याकडे आले. मागे काका.

"ताई, तक्ता झकास झालाय," वकील म्हणाले, "पण यानं तर आमची केसच कोसळली. ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि डी.ए. यांवर निघते. कंपनीनं त्या दोन्हींची बेरीज तीन हजार दोनशे सत्तर धरलीय. तुझ्या तक्त्यातही तेवढीच आहे. बाकीची उचल. मग भांडायचं कशावर?"

काकांनी तक्ता त्यांच्या हातातून घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी रकान्यांची नावं मराठीत घातली होती.

"उचल? कुनाची उचल?"

"तुमचीच काका. पावतीवर आहे, दर महिन्याला."

"मी कवा उचल घेतली गं?"

"छापलंय तिथं. एडी. अ‍ॅडव्हान्स. मी बी.कॉम. आहे काका, मला कळतं."

"बी.कॉम. आसशील. भट्टीवर मी हुतो का तू?" त्यांचा आवाज चढला. "बावीस वर्सांत कंपनीकडं रुपाया मागितला न्हाई. पोरीच्या लग्नाला सोसायटीचं कर्ज काढलं, त्ये कापत्यात, त्ये खरं. उचल मुकादमाकडनं घेत्यात. आमी काय ऊसतोडीला गेल्तो व्हय?"

त्यांना काय माहीत, कुणासमोर बोलतायत ते. राग आला होता आणि तो कुणाचा, हेही धड कळत नव्हतं.

वकील म्हणाले, "मग काका, हे एडी म्हणजे काय?"

"आता मला काय ठावं? मागं युनियननं महागाईसाठी भांडण केलं तवापास्नं हाय त्ये." असं म्हणत ते बोटानं ओळी मोजत खाली गेले आणि थांबले. "ह्यो बगा. ह्यो महिना. आई वारली तवा चार खाडे पडले हुते माजे. सगळं कमी झालं, ह्ये बी कमी झालं. आता तूच सांग ताई. उचल खाड्यानं कमी व्हती व्हय?"

हे त्यांनी मला विचारावं! खाडा म्हणजे कामावर न जाणं, आणि खाडा झाला की उचल फिटायची लांबते, हे मला कळायला कुठलं कॉलेज लागलं नव्हतं. आई तापानं फणफणली त्या वर्षी आमची उचल अंगावर राहिली होती आणि ती फेडायला वडील पुढच्या वर्षी पुन्हा तोडीला गेले. खाड्यानं कमी होतो तो पगार. सहाशे अठराचा आकडा पुसट असला तरी बरोबरच होता. सव्वीसातले चार दिवस गेले तर सातशे तिसाचे तेवढेच उरतात.

"पी.एफ. किती आहे?" वकिलांनी एकदम विचारलं.

"चारशे ऐंशी."

"बारा टक्के कशाचे? पी.एफ.ही मूळ पगार आणि डी.ए. यांवरच कापतात ना?"

मी कॅल्क्युलेटर ओढला. मूळ पगार अठराशे पन्नास आणि डी.ए. चौदाशे वीस, मिळून तीन हजार दोनशे सत्तर. त्याचे बारा टक्के तीनशे ब्याण्णव. जुळेना. सातशे तीस मिळवले. बरोब्बर चार हजार. बारा टक्के, चारशे ऐंशी. खाड्याच्या महिन्याचं करून पाहिलं, चारशे सहा. पावतीवरही चारशे सहाच.

"पी.एफ. कापताना तो महागाई भत्ता," वकील हसले, "आणि ग्रॅच्युइटी देताना कुणीच नाही! वा!"

मी हिशोब मांडून दाखवला. महिन्याचा पगार सव्वीसनं भागून, गुणिले पंधरा दिवस, गुणिले बावीस वर्षं. कंपनीच्या आकड्यात आणि आमच्या आकड्यात नऊ हजार दोनशेंहून जास्त फरक पडत होता. काकांनी तो आकडा माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

मी तक्ता परत उघडला. 'उचल' पुसलं. आता तिथे काय लिहायचं? वकील म्हणाले, 'तात्पुरता महागाई भत्ता' लिही. काका म्हणाले, 'जादा डी.ए.' लिही. सर मधेच म्हणाले, अ‍ॅडिशनल असावं. मला कुणाचंच पटेना. शेवटी मी पावतीवर होतं तसंच, 'एडी', एवढंच लिहिलं आणि तो रकाना डी.ए.च्या शेजारी ठेवला. त्याला लागून, ज्यावर पी.एफ. कापला होता तो चार हजारांचा रकाना नव्यानं घातला, म्हणजे बघणाऱ्याला आपोआप दिसेल. नाव कुणाला काय द्यायचं ते देऊ दे.

अर्ज सोमवारी गेला. पुढे बऱ्याच महिन्यांनी काकांना फरकाची रक्कम मिळाली. ती सांगायला ते स्वतः सेंटरवर आले, पेढे घेऊन. म्हणाले, "कंपनीवाला म्हनला, एडी म्हंजी काय ते आमालाच ठावं न्हाई."

मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "ताई, त्यो पयला कागद हाय का गं तुज्याकडं? उचल लिवलेला?"

होता. खणात पडला होता. मी काढून दिला. त्यांनी माझ्यासमोर त्याचे चार तुकडे केले आणि ते खिशात घातले, टोपलीत टाकले नाहीत.

"कुनाच्या हाताला लागाय नको," ते म्हणाले.

मी होय म्हटलं. वडील उचल घ्यायचे, हे मात्र त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही नीटसं कळत नाही.