यादीत नसलेलं डिपॉझिट

ऑक्सिजन मशीन भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात कॅशिअरकाका एकवीस वर्षं हिशेब पाहत होते. मी ऑडिटला गेले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी डिपॉझिटची यादी पुढे केली. "बघ पोरी, एक रुपया इकडचा तिकडे नाही."

यादीतून काय सुटलंय हे यादी सांगत नाही, ते पावतीपुस्तक सांगतं. म्हणून मी एकेक पावती घेऊन यादीशी ताडून पाहिली. एक काही केल्या सापडेना. ते आठ हजारांचं डिपॉझिट भाड्याच्या उत्पन्नात टाकलेलं होतं आणि पावतीवर काकांचंच नाव होतं.

"काका, लोक दुसऱ्यांचे पैसे खातात. तुम्ही स्वतःचेच मालकाला देऊन टाकलेत?"

ते हसले नाहीत. "यादीत नाव राहिलं असतं, तर मशीन परत न्यायला माणसं घरी आली असती. तुझी काकू जाऊन दोन वर्षं झाली. ते मशीन घरघरत असलं की मला झोप लागते."

पण ते पैसे म्हणजे दुकानाचं उत्पन्न नव्हतं. मशीन परत आलं की काकांना द्यायचं ते देणं होतं. मी तशी दुरुस्ती लिहिली. काकांनी ती वाचून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ते मशीन स्वच्छ पुसून घेऊन आले. परताव्याच्या पावतीवर त्यांनी सही केली आणि नोटा न मोजताच खिशात घातल्या.

"आता आज झोपायचं कसं," त्यांनी विचारलं, "ते लिहिलंय का गं तुझ्या कागदात?"