कोणासाठी पाहिजे?

आमच्या मेहुण्याइतका वाईट विक्रेता मुरबाडच्या बाजारपेठेत आजवर उभा राहिलेला नाही, आणि पुढेही कोणी राहील असं मला वाटत नाही. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ बरीच वर्षं एका मेडिकलच्या काउंटरमागे होता. फार्मसी वगैरे झालेला नाही. ती झालेल्या गृहस्थांचं प्रमाणपत्र भिंतीवर काचेत असे आणि ते गृहस्थ बहुधा शहापूरला आपल्या घरी असत. हा नुसता मदतनीस, म्हणजे मागितलेलं काढून द्यावं एवढंच त्याचं काम. पण मागितलेलं सुखासुखी काढून देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. गिऱ्हाइकाने औषधाचं नाव घेतलं की तो दोन्ही हात काउंटरवर टेकवून पहिला प्रश्न टाकायचा, "कोणासाठी पाहिजे?" मग वय, मग जेवण झालंय का, मग दुसरी कुठली गोळी चालू आहे. एकदा मी खोकल्याचं औषध मागितलं तर भर बाजारात मला रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो का म्हणून विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर, "ताईला विचारून सांगतो," म्हणाला. एका पहिलवानाने अंगदुखीची गोळी मागितली, त्याला आधी काहीतरी खाऊन यायला लावलं. पहिलवान निमूटपणे वडापाव खाऊन आला.

आवाज हा त्याचा दुसरा अवगुण. सिद्धगडाच्या पायथ्याशी वाढलेला माणूस, या शेतातून त्या शेतात बोलायची सवय. जुलाब किती वेळा झाले हे तो अशा आवाजात विचारायचा की रिक्षा स्टँडवरचे लोक आकडा ऐकायला थांबत. दुकानाचे मालक शेठ कपाळाला हात लावायचे. पण एवढ्या मोठ्या तोंडाच्या माणसाने एक गोष्ट पोटात ठेवली आणि नेमकी तीच त्याला नडली.

दुकानात एका टॉनिकच्या बाटल्यांचा डोंगर रचलेला असे. बायकांचं टॉनिक म्हणून ते तालुकाभर खपायचं. अशक्तपणा, कंबरदुखी, भूक न लागणं, पाळीच्या तक्रारी, सगळ्यांवर तेच. जेवणानंतर दोन टोपणं, तेवढंच पाणी घालून. आयुर्वेदिक असल्यामुळे डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि आयुर्वेदिक असल्यामुळेच त्याने काही होत नाही, अशी सगळ्यांची खात्री. मेहुणा मात्र प्रत्येक बाईला बाटली देण्याआधी विचारायचा, "पोटुशी नाय ना?" कारण ते कोरफडीचं आसव. कोरफड पोट साफ करते आणि अडलेली पाळी आणायलाही देतात, म्हणून गरोदरपणात ती चालत नाही. शिवाय आसव मुरताना त्यात आपोआप थोडी दारू तयार होते, तीही पोटातल्या बाळाला नको. बाटलीवर हे सगळं लिहिलेलं असतं, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

आता पुढचं मला नंतर कळलं, पण आधी सांगतो. आमच्या शेजारच्या गावातली एक सून तोंडाला ओढणी गुंडाळून एकटीच दुकानात आली आणि दिवस गेलेत का ते बघायची पट्टी मागितली. त्या वेळी दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तरीही त्या दिवशी मेहुण्याने आवाज खाली घेतला. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, मळमळीवर काही द्या म्हणाली. त्याने काही दिलं नाही, सरकारी दवाखान्यात जाऊन नाव घालायला सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "दादा, घरी बोलू नका. तीन महिने भरल्याबिगर आमच्यात सांगत नाय. मागल्या टायमाला मी लवकर बोलले न् पोट पडलं. सासू आजून मलाच बोलते." त्याने शब्द दिला.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. ती सून सासूबरोबर आली. सासूने टॉनिकच्या डोंगराकडे बोट दाखवून बाटली मागितली. सून वाळत चालली, भात जात नाही, भाताच्या आवणीला चिखलात उभी कशी राहणार, असं तिचं म्हणणं. मेहुण्याने त्याचा नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. संपलंय म्हणाला. डोंगर त्याच्या कोपराला लागत होता. मग म्हणाला, या बाटल्या जुन्या झाल्यात. शेठ गल्ल्यावरून उठले आणि परवाच तर माल आलाय म्हणाले. लोक हसले, मीही हसलो. मग त्याने अशक्तपणाला आधी रक्त तपासावं लागतं, सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात, असं लांबण लावलं. शेवटी सुनेकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "मावशी, यात कोरफड हाय. पोटुशी बाईनं एक टोपनसुदिक घ्यायचं नाय."

"मग हिला द्यायला काय झालं? हिला कुठं काय हाय?" सासू म्हणाली.

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने जमिनीकडे पाहिलं. एका शब्दात त्याची सुटका झाली असती. तो शब्द ना तिने उच्चारला ना त्याने.

"तरी मी देनार नाय," तो म्हणाला.

शेठनी स्वतः बाटली काढून, पुसून सासूच्या पिशवीत घातली. सासू जाताना म्हणाली की हा माणूस बायाबापड्यांना नको ते विचारतो, हे तिने ऐकलंच होतं. संध्याकाळी शेठनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. गावात व्हायची ती चर्चा झाली. त्याच्या बाजूने बोलू शकेल अशी एकच व्यक्ती होती आणि तिला बोलायची सोय नव्हती.

माझी बायको आशा सेविका आहे. तीन महिने भरल्यावर त्या सुनेचं नाव तिनेच दवाखान्यात घातलं. सुनेचं रक्त कमी निघालं. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या रोज घ्यायच्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, कॅल्शियमबरोबर घ्यायच्या नाहीत, हे सगळं बायको दर वेळी घोकून घ्यायची. टॉनिक बंद करायला तिने सासूला बजावलं. सासू हो म्हणाली आणि आपल्या हाताने टोपणं भरत राहिली. तेव्हा सुनेने बायकोला सांगितलं की पहिल्या दिवसापासून ते औषध ती तोंडात धरते आणि मागच्या दारी दुधीच्या वेलाच्या मुळाशी थुंकते. दादा दुकानात बोलले ते तिच्यासाठीच होतं, हे तिला तिथेच कळलं होतं.

मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. मी मोठ्या हौसेने मेहुण्याला सांगायला गेलो. तो आता आसनगावला एका गोदामात खोकी उचलतो. वाटलं, नोकरी गेली पण पुण्य तरी पदरात पडलं. त्याने विचारलं, "न् सासू काय बोलते?" मग तेही सांगावंच लागलं. सासू गावभर सांगते की नातू त्या टॉनिकवर वाढला. आमच्या पट्ट्यात आता दिवस गेले की पहिली तीच बाटली आणतात. दुकानातला डोंगर दुप्पट झालाय. याचा मला तेव्हाही राग आला, आजही येतो. सून काही बोलत नाही. तिला त्याच घरात राहायचं आहे. माझी बायको दारोदार जाऊन समजावते, पण बाया तिला तो नातू दाखवतात.

मेहुण्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "पोराचं वजन किती भरलं?"

हल्ली बाजाराच्या दिवशी रजा टाकून तो मुरबाडच्या एसटी स्टँडवर येऊन बसतो. एखाद्या बाईच्या पिशवीतून त्या बाटलीचं टोपण दिसलं की उठून तिच्यासमोर उभा राहतो. काही बाया शिव्या देतात. एकदा कंडक्टरने हाताला धरून त्याला बाजूला केलं. मागच्या आठवड्यात मी लांबून पाहिलं, एक पोरसवदा मुलगी त्याच्यासमोर थांबली होती. त्याचा आवाज आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. मला काही ऐकू आलं नाही, पण तो काय विचारत होता ते मला माहीत होतं. मुलीने पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि बाटली बाहेर काढून त्याच्या हातात दिली.